तूट वाढली, तरी नानांच्या एफडीचा दर का पडला?

सप्टेंबर २०२०. पुण्यात रुग्णसंख्या वाढतच होती आणि कोथरूडला सासऱ्यांकडे, म्हणजे नानांकडे, जायचे तेही फक्त औषधे पोचवायला. त्यातच त्यांची दहा लाखांची एफडी मॅच्युअर झाली. नानांना बँकेत जाऊ द्यायचे नाही असे घरात ठरलेले, म्हणून त्यांच्या मोबाइलवरून मीच ती पुन्हा ठेवून देत होतो. स्टेट बँकेचा एक वर्षाचा दर त्याच महिन्यात ४.९ टक्क्यांवर आला होता. ज्येष्ठ नागरिकांचा जास्तीचा अर्धा टक्का धरून ५.४. नानांनी आकडा पाहिला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, सरकारनं कर्ज काढलं की व्याज वाढतं, असं तुम्हीच शिकवता ना कॉलेजात? मग यंदा सरकारनं एवढं कर्ज काढलंय, तर आमचं व्याज कुठं गेलं?"

नाना हिशेबाचे पक्के, आणि प्रश्नही बिनतोड. केंद्र सरकारने २०२०-२१ साठी ७.८ लाख कोटी रुपये बाजारातून उभे करायचे ठरवले होते. मे महिन्यातच तो आकडा १२ लाख कोटींवर नेला. वर्ष संपले तेव्हा राजकोषीय तूट, म्हणजे सरकारच्या उत्पन्नापेक्षा जास्त झालेला खर्च, जीडीपीच्या ९.२ टक्के निघाली. अर्थसंकल्पात ती ३.५ टक्के धरलेली होती. म्हणजे पाठ्यपुस्तकातली आकृती खरी ठरायची तर हेच वर्ष. आणि दर मात्र खाली.

त्या दिवशी मी "रिझर्व्ह बँकेने रेपो ४ टक्क्यांवर आणलाय, म्हणून" असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते खोटे नव्हते, पण उत्तरही नव्हते. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने रात्रीपुरते कर्ज देते तो. तो इतका खाली ठेवून चालले कसे, हा खरा प्रश्न. नंतर मी हेच प्रकरण वर्गात घ्यायला लागलो. ते इथे जरा सविस्तर मांडतो.

आधी बाजार कुठला ते

कर्जाऊ निधीचा बाजार म्हणजे लक्ष्मी रोडसारखी दाखवता येईल अशी जागा नाही. एका बाजूला खर्चून उरलेले पैसे दुसऱ्याला वापरायला देणारे, दुसऱ्या बाजूला ते घेऊन यंत्र, इमारत, गोदाम उभे करणारे. मध्ये बँका, रोखे, म्युच्युअल फंड. या दोघांची गाठ ज्या भावाला पडते तो व्याजदर.

इथे मराठीतच एक अडचण आहे आणि दरवर्षी निम्मा वर्ग तिथेच अडखळतो. आपण सर्रास म्हणतो, "मी दहा लाख एफडीत गुंतवले." या बाजारात ती गुंतवणूक नव्हे, बचत. नाना पुरवठ्याच्या बाजूला आहेत. गुंतवणूक करणारा माझा मामेभाऊ. भोसरी एमआयडीसीत त्याचे छोटे वर्कशॉप आहे, गाड्यांच्या सुट्या भागांचे जॉबवर्क घेतो. तो कर्ज काढून नवे व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारे संगणकचालित मशीन, बसवतो तेव्हा अर्थशास्त्राच्या भाषेत गुंतवणूक होते. नानांची एफडी आणि भावाचे मशीन या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत.

भाव मोजायचा तो वास्तव व्याजदरात, म्हणजे व्याजातून महागाई वजा करून. नेमके बोलायचे तर पुढे किती महागाई होईल असे माणसाला वाटते, ती वजा करायची. पण मनातली महागाई मोजता येत नाही, म्हणून आपण झालेली धरतो. २०२०-२१ मध्ये ग्राहक महागाई सरासरी ६.२ टक्के होती. नानांना दहा लाखांवर वर्षाला ५४ हजार व्याज. तेवढ्याच काळात दहा लाखांची खरेदीशक्ती टिकवायला ६२ हजार लागत होते. आठ हजार खिशातून गेले, आणि ते पासबुकात कुठेही दिसत नाहीत. वास्तव दर उणे ०.८, ज्येष्ठ नसलेल्याला उणे १.३.

फळ्यावरचा हिशेब

देशाचे आकडे एकदम घेतले तर सगळी वळणे एकमेकांत गुंततात. म्हणून आधी एक बनवलेला बाजार घेऊ. S म्हणजे खासगी बचत, I खासगी गुंतवणूक, D सरकारी तूट, r वास्तव व्याजदर टक्क्यांत. एकक काहीही धरा.

```
S = 60 + 4r
I = 90 - 6r
D = 10
S = I + D
```

दर चढला की लोक थोडे जास्त वाचवतात, उद्योजक थोडे कमी कर्ज काढतात. शेवटच्या ओळीत जुळणी आहे: सगळी बचत एकतर उद्योजकाकडे जाते किंवा सरकारकडे. सोडवले की r येतो ४. बचत ७६, त्यातले ६६ उद्योजकांना, १० सरकारला.

आता फक्त तूट १० वरून २० करा, बाकी काही हलवू नका. दर ५ होतो. बचत ८० वर जाते, गुंतवणूक ६० वर उतरते. सरकारला जास्तीचे दहा मिळाले कुठून? चार लोकांनी जास्त वाचवून दिले, सहा उद्योजकांच्या ताटातून गेले. पाठ्यपुस्तक याला खासगी गुंतवणूक मागे रेटली जाणे म्हणते. दहाच्या दहा जात नाहीत, आणि काहीच जात नाही असेही नाही. किती जातात ते दोन रेषांच्या उतारावर ठरते.

परीक्षेत इथे हमखास होणारी एक चूक आहे. तूट आकृतीत दोन पद्धतींनी दाखवता येते. सरकारला एक जास्तीचा गिऱ्हाईक मानून मागणीची रेषा उजवीकडे सरकवा, नाहीतर खासगी बचतीतून तूट वजा करून राष्ट्रीय बचतीची रेषा डावीकडे सरकवा. दोन्हींत उत्तर ५ च येते. पण उत्साही मुले दोन्ही रेषा हलवतात, मग दर ६ निघतो. एकच तूट दोनदा मोजली गेली. पेपर तपासताना ६ दिसला की मी वरची आकृती न बघताच ओळखतो.

पुढची पायरी काटकसरीची. तूट २० च ठेवा, पण लोक प्रत्येक दराला १५ ने जास्त वाचवायला लागले असे धरा, म्हणजे S = 75 + 4r. दर ३.५ वर येतो, गुंतवणूक ६९ वर. तूट दुप्पट होऊनसुद्धा दर पहिल्यापेक्षा कमी आणि उद्योजकांच्या हाती पहिल्यापेक्षा जास्त.

इथेच थांबलो असतो तर नानांचे उत्तर मिळाले असते: "लोकांनी तुटीपेक्षा जास्त वाचवले, म्हणून दर पडला." वर्गातली हुशार मुले इथेच थांबतात. पण मग भोसरीत त्या वर्षी मशीन यायला हवी होती. ती आली नाहीत.

भोसरीला केलेला फोन

ऑक्टोबरमध्ये मामेभावाला फोन केला होता. सरकारी हमीच्या योजनेतून बँक त्याला कर्ज द्यायला तयार होती, व्याजाला ९.२५ टक्क्यांची कमाल मर्यादा. त्याने ते घेतलेही, पण कामगारांचे पगार आणि थकलेली देणी भागवायला. नवे व्हीएमसी घेणार का विचारले तर म्हणाला, "दादा, आहे तेच मशीन एका शिफ्टला चालतंय. दुसरं आणून त्यावर काय कापड घालून ठेवू?"

त्याने पुढे आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फळ्यावर कधी सुचली नव्हती. त्याच्या जॉबवर्कचे दर त्या वर्षी वाढले नव्हते. एका मोठ्या गिऱ्हाइकाने तर पाच टक्के कापले होते. नानांच्या लेखी महागाई ६.२ टक्के, कारण ते भाजी, डाळ, औषधे विकत घेतात. मामेभावाच्या लेखी तो जे विकतो त्याचा भाव उणे पाच. ९.२५ मधून उणे ५ वजा करा: त्याचा वास्तव दर सव्वाचौदा टक्के! एकाच वर्षी, एकाच शहरात, ठेवीदाराचा वास्तव दर शून्याखाली आणि कर्जदाराचा चौदाच्या वर. मधली दरी काही बँकेच्या नफ्याची, पण बरीचशी दोघांच्या वेगळ्या महागाईची. "वास्तव व्याजदर" असा एकच आकडा आपण सोयीसाठी बोलतो.

थोडक्यात, गुंतवणुकीची मागणीच खाली आली होती. आपल्या बाजारात ती २५ ने कमी करू: I = 65 - 6r. बचत वाढलेली, तूट २० च. आता r येतो १. बचत ७९, गुंतवणूक ५९.

पहिल्या स्थितीशी ताडून पाहा. तूट दुप्पट. दर ४ वरून १. गुंतवणूक ६६ वरून ५९. नानांनी पाहिलेला दर आणि भोसरीत न आलेले मशीन, दोन्ही एकाच आकृतीत बसले. त्यासाठी मात्र एक नव्हे, तीन रेषा हलवाव्या लागल्या.

रोगाचे निदानही यातूनच होते. नुसता भाव पाहून काही कळत नाही. भाव आणि प्रमाण सोबत पाहावे लागते. दर चढला आणि गुंतवणूक घटली, तर संशय तुटीवर घ्यावा. दर उतरला आणि गुंतवणूक वाढली, तर काटकसर. दर उतरला आणि गुंतवणूकही घटली, तर उद्योजकालाच कर्ज नको झाले आहे.

बँकांच्या ताळेबंदात हे उघड दिसत होते. मार्च २०२१ अखेर ठेवी वर्षभरात ११ टक्क्यांच्या वर वाढल्या होत्या, कर्जे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे ठेवी, विमा, पीएफ वगैरेंतून नवे कर्ज वजा करून उरते ती, जीडीपीच्या सुमारे साडेअकरा टक्क्यांवर गेली. आधी ती आठच्या आसपास असायची. यातली सगळी काटकसर मनापासूनची नव्हती. लग्नाला पन्नासच माणसे, हॉटेले बंद, गावाला जायचे नाही, गाडी पेट्रोल पीत नाही. नानांनीच मला दाखवले की पेन्शनमधले दरमहा सहा-सात हजार आपोआप शिल्लक पडतात. मी म्हटले, "नाना, दर पाडणाऱ्यांत तुम्ही पण आहात." ते त्यांना फारसे आवडले नाही.

तो शिल्लक पैसा बँकेने भोसरीला दिला नाही, कारण भोसरीने मागितला नाही. बँकेने सरकारी रोखे घेतले, आणि उरला तो रिझर्व्ह बँकेकडे रिव्हर्स रेपोत ३.३५ टक्क्यांवर ठेवला. ५.४ ने घेतलेली ठेव ३.३५ ला ठेवायची वेळ बँकेवर येते तेव्हा निधीचा तुटवडा नाही, एवढे तरी नक्की समजावे.

मग तुटीने काहीच केले नाही का?

याला उत्तर द्यायला आकृती पुन्हा हलवावी लागते. बाकी सगळे तसेच ठेवून तूट १० वरच राहिली असती तर? सोडवा: r शून्य, गुंतवणूक ६५. म्हणजे १ हा दर कमी वाटला तरी त्यातला पूर्ण एक टक्का तुटीचा आहे. दर पडला म्हणून तुटीचा ओढा नाहीसा होत नाही. तो इतर ओढ्यांखाली झाकला जातो. "कालच्या दराशी" तुलना केली की तो दिसत नाही, "तूट वाढली नसती तर काय दर असता" याच्याशी केली की दिसतो. अर्थात तो दुसरा दर कोणत्याही वर्तमानपत्रात छापून येत नाही.

पण एक दिवस असा आला, की तो जवळजवळ उघड्यावर दिसला. १ फेब्रुवारी २०२१, अर्थसंकल्पाचा दिवस. सरकारने सुधारित तूट ९.५ टक्के जाहीर केली, पुढच्या वर्षासाठी ६.८ टक्के धरली, आणि उरलेल्या दोन महिन्यांत आणखी ८० हजार कोटी बाजारातून घेऊ असे सांगितले. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा आदल्या सत्रात ५.९ टक्क्यांच्या आसपास होता. त्याच दिवशी तो ६ च्या वर गेला. एका दुपारीत देशातल्या कुटुंबांनी काटकसर सोडली नव्हती, की भोसरीत मशीनच्या ऑर्डरी सुटल्या नव्हत्या. हलली ती एकच रेषा. त्यानंतरच्या आठवड्यांत परतावा आणखी वर गेला, पण तेव्हा अमेरिकेतले दरही चढत होते, म्हणून ती वाढ मी तुटीच्या खात्यावर घालत नाही.

वर्षभर दिसणारी खूण आणखी एक होती: रेपो ४ टक्के आणि दहा वर्षांचा रोखा ६ च्या जवळपास. रात्रीपुरत्या पैशाचा भाव रिझर्व्ह बँक ठरवते. दहा वर्षांच्या पैशाचा भाव ठरवताना देणारा विचारतो, की एवढे रोखे वर्षानुवर्षे येणार आहेत, ते कोण घेणार, आणि महागाई कुठे जाणार. लहान आणि लांब मुदतीतले ते रुंद अंतर, त्यातला एक भाग तुटीचा. नानांची एफडी एका वर्षाची, म्हणजे लहान टोकाला. म्हणून त्यांना तुटीची चाहूल लागलीच नाही.

आकृती कुठे लंगडते

पहिली गोष्ट, रोखे घेणाऱ्यांत रिझर्व्ह बँकही होती. त्या वर्षी तिने खुल्या बाजारातून निव्वळ तीन लाख कोटींच्या वर रोखे उचलले. ही कोणाच्या घरची बचत नव्हे, नव्याने आलेला पैसा आहे. आपल्या चार ओळींत त्याला जागाच नाही. अल्पकाळात दर कुठे राहील हे त्यावर बरेच अवलंबून असते, म्हणून माझे सप्टेंबरचे रेपोचे उत्तर अगदीच टाकाऊ नव्हते.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. ही आकृती देशाचे उत्पन्न ठरलेले आहे असे धरून चालते. २०२०-२१ मध्ये ते सुमारे सहा टक्क्यांनी आकसले. लोक एकदम खर्च थांबवतात तेव्हा काटकसरीची रेषा उजवीकडे सरकते, पण तोच खर्च कोणाचे तरी उत्पन्न असतो. नानांनी न खाल्लेली मिसळ ही मिसळवाल्याची बुडालेली बचत आहे. अशा वेळी सरकारने तूट वाढवून उत्पन्न सावरले, तर ज्या उत्पन्नातून बचत होते तेही काही प्रमाणात सावरते, आणि उद्योजकांच्या ताटातून गेलेले सहा तेवढे राहत नाहीत. बहुधा बरेच कमी होतात. रिकामी मशीन जितकी जास्त, तितका माझा "सहा" हा आकडा कमी विश्वासाचा. भोसरीत दोन शिफ्ट भरल्या की तो पुन्हा विश्वासाचा होतो.

फेब्रुवारी २०२३

भोसरीतले चित्र २०२२ च्या दिवाळीनंतर पालटले. भावाने दुसरे व्हीएमसी घेतले, आणि कर्ज काढले ते आधीपेक्षा महाग दराने. जॉबवर्कचे दर वाढले होते, दोन्ही शिफ्ट भरलेल्या होत्या, आणि त्याच्या हिशेबाने हे महाग कर्ज २०२० च्या स्वस्त कर्जापेक्षा स्वस्त होते.

कुटुंबांकडचा उलटा प्रवास आकड्यांत दिसला. निव्वळ आर्थिक बचत २०२२-२३ मध्ये जीडीपीच्या पाच टक्क्यांवर आली. वर्तमानपत्रांत "भारतीयांची बचत आटली" असे मथळे आले. पण लोकांनी ठेवी मोडून खाल्ल्या असे नव्हे. घर, गाडी यांसाठी घेतलेली कर्जे वाढली, आणि निव्वळ आकड्यातून कर्ज वजा होते. आमच्याच सोसायटीतल्या तिघांनी त्या काळात वाकड-हिंजवडीकडे फ्लॅट बुक केले. कालचे पुरवठादार आज मागणीच्या रांगेत उभे राहिले. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ पासून महागाई आवरायला रेपो वाढवत फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर नेला, आणि स्टेट बँकेचा एक वर्षाचा दर ६.८ झाला.

नानांची एफडी ७.३ ला लागली. पुढच्या वर्षी महागाई सरासरी ५.४ टक्के राहिली. वास्तव दर दोनच्या जवळ, म्हणजे दहा लाखांवर १९ हजार खरेखुरे हाती. पण त्या दिवशी हे पुढचे कोणाला माहीत नव्हते. नानांनी ७.३ चा आकडा दोनदा वाचला आणि विचारले, "म्हणजे सरकारची तूट आता आणखी वाढली वाटतं?"

"नाही नाना, कमी झाली. नवावरून साडेसहाच्या आत आलीये."

"मग तुमचं पुस्तक दोन्ही वेळा उलटं कसं?"

मी वहीच्या मागच्या पानावर दोन रेषा काढल्या आणि त्यांना सांगितले, की आधी भोसरीच्या मशीनपासून सुरू करू.